पालकाच्या रकान्यात

आईला हृदयविकाराचा झटका आला त्या आठवड्यात मी गडचिरोलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या, की तिथल्या फरशी पुसणाऱ्या मावशींनी शेवटी पोछा उभा करून मला थांबवलं. म्हणाल्या, "भाऊ, एका जागी बसा ना. माही फरशी वाळू द्या." मी बसलो, पण दोनच मिनिटं. बसणं मला जमतच नाही. शाळेत पंचवीस वर्षांत एकही तास मी खुर्चीत बसून घेतलेला नाही, आणि घरी जेवतानाही दोनदा उठतो. आमच्या घरात हा माझा स्वभाव सगळ्यांनी गृहीत धरलेला आहे. त्याचबरोबर माझा रागही. त्या रागाबद्दल पुढे बोलावं लागणारच आहे.

आईला अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं, तेव्हा पहिलं वाक्य ती बोलली ते स्वतःबद्दल नव्हतं. म्हणाली, "माह्या डोयांदेखत बाईचं काही तरी करून टाक."

बाई म्हणजे माझी धाकटी बहीण, घरात तिला सगळे बाईच म्हणतात. छत्तीस वर्षांची. जन्मापासून तिची बुद्धी वाढली नाही. तांदूळ निवडते, कोंबड्या कोंडते, अंगण झाडते, पण बाजारात एकटी सोडली तर घर सापडणार नाही. अंघोळीला, कपडे बदलायला, महिन्याच्या चार दिवसांत कोणीतरी लागतं. वडील वनरक्षक होते. ते गेल्यावर त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळतं, आणि आईच्या मागे ते बाईला मिळू शकतं. पण त्यासाठी बाईच्या वतीनं व्यवहार करायला कायद्यानं नेमलेलं माणूस हवं, असं बँकेतल्या साहेबांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते वर्षभर पुढे ढकललं होतं. आता आईच्या नाकात नळी होती आणि पुढे ढकलायला जागा उरली नव्हती.

जिल्हा समाज कल्याण कार्यालयात त्या विषयाचं टेबल सांभाळणारे एक लिपिक होते. माझ्याहून वयानं लहान, अतिशय शांत. शांत माणसं समोर आली की मी आणखी अस्वस्थ होतो. मी उभ्याउभ्याच विचारलं, "जन्मदाती आई जिवंत आहे, सख्खा भाऊ समोर उभा आहे. मग पालक नेमायचा म्हणजे काय नेमायचं?"

"सर, अठरा वर्षं पूर्ण झाली की आईबाप पण आपोआप पालक राहत नाईत," ते म्हणाले. "मग ते पोरगं कसं का असेना. बसा."

मी बसलो नाही, पण ऐकलं. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली एक स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा एक सदस्य आणि एक दिव्यांग सदस्य. आईनं अर्ज करायचा, कोणाला पालक नेमावं ते तिनं सुचवायचं, त्या माणसानं लेखी संमती द्यायची, दोन साक्षीदार. सोबत बाईचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, फोटो. समिती आधी हे बघते की हिला पालक खरंच लागतो का आणि कशाकशासाठी लागतो. मग हा माणूस योग्य आहे का ते बघते. आणि नेमला म्हणून सुटला असंही नाही. सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. हयगय केली, छळ केला, तिचं काही लाटलं, तर नातेवाईक किंवा संस्था तक्रार करू शकते आणि चौकशी करून समिती पालकाला काढून टाकते.

"म्हणजे माझ्याच बहिणीसाठी माझ्यावर पहारा," मी म्हणालो.

"तुमच्यावर नाई, सर. पालकावर," ते म्हणाले आणि फायलीला दोरी बांधायला लागले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण घोडं आधी दुसरीकडेच अडलं होतं. बाईचं जुनं प्रमाणपत्र हातानं लिहिलेलं, शाई उडालेलं. आता ऑनलाइन कार्ड लागतं, आणि त्यासाठी पुन्हा तपासणी.

जिल्हा रुग्णालयात बुद्धीची चाचणी घेणाऱ्या मानसतज्ज्ञ ठरावीक वारीच असत. आईला डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली, तेव्हा मी आमच्या गावाहून, कुरखेड्याहून, आई आणि बाईला घेऊन गेलो. दोन तासांची एसटी. बायको म्हणाली, "मी येऊ का?" मी म्हणालो, "तू कशाला? घरी कोण बघणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेलो आहे की त्याला अर्थ उरलेला नाही.

माझी बायको सिरोंच्याकडची. वडील सिरोंचा रेंजमध्ये असताना तिच्या वडिलांशी त्यांचा घरोबा झाला आणि त्यातून आमचं लग्न ठरलं. तिचं शिक्षण नदीपलीकडे तेलंगणात, मामाच्या गावी, तेलुगूत आठवीपर्यंत झालं. मराठी बोलते आमच्यासारखीच, पण लिहायला तिला जमत नाही. म्हणून घरातले सगळे कागद मी भरतो. रेशन कार्ड, गॅस, पोराच्या शाळेचे फॉर्म. जिथे तिची सही लागे तिथे तिचीही मीच ठोकत असे. तिच्या नावाची अक्षरं मी तिच्याहून जास्त वेळा लिहिली असतील. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नाही, आणि मलाही कधी वाटलं नाही.

मानसतज्ज्ञ बाईंनी बहिणीला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, बोटं मोजायला लावली. बाई ठोकळ्यांकडे बघून हसत राहिली. मग त्या आमच्याकडे वळल्या. ती स्वतः जेवते का, बटणं लावते का, दुखलं तर दाखवते का, नको असेल तर सांगते का. मी भराभर उत्तरं दिली. नाही. नाही. नाही. नाही. बोलतच नाही ती. गावात सगळे सांगत होते की जास्त टक्के आले की काम लवकर होतं, आणि खरं सांगायचं तर मला सगळंच लवकर हवं होतं. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "घरी तिचं सगळं कोण करतं?"

"आई," मी म्हणालो.

आई खाली बघत होती. झटक्याच्या आधीही तिचे गुडघे गेलेलेच होते, दहा-अकरा वर्षं तिला साधी बादली उचलत नव्हती. मानसतज्ज्ञ म्हणाल्या, "तिला अंघोळ घालणारी व्यक्ती आली असती तर बरं झालं असतं." मी घड्याळाकडे बघितलं. परतीची गाडी होती.

मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व, पंच्याहत्तर टक्के, कायमस्वरूपी. तो कागद हातात आला तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. बाई माझ्या शेजारी बसून त्या कागदावरचा आपला फोटो बोटानं चोळत होती.

अर्ज द्यायला मी एकटाच गेलो. आईचा अंगठा घरूनच घेतला होता, साक्षीदार म्हणून शाळेतले दोन सहकारी. पालकाच्या रकान्यात माझं नाव, ठसठशीत. लिपिकांनी वाचलं आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला.

"सर, बहीण आहे ना? मुलीसाठी एकट्या पुरुषाचं नाव चालत नाई. मॅडमचं लागते. मुख्य पालक त्या राहतीन, तुमी सहपालक."

"मी सख्खा भाऊ आहे."

"हो ना सर. पण नियम तसा आहे. बाईमाणूस असलं की घरातल्या बाईमाणसालाच पुढं ठेवा म्हणते कायदा. मॅडमले घेऊन या, नाई तर फॉर्म नेऊन त्यांची सही आणा."

पुन्हा दोन तास जा, पुन्हा दोन तास या. आईच्या छातीत तेव्हा पुन्हा दुखायला लागलं होतं. कधी काय होईल याचा भरवसा नव्हता. मी कार्यालयाच्या बाहेर आलो. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली तोच फॉर्म गुडघ्यावर ठेवला, माझ्या नावाच्या वर मुख्य पालक म्हणून बायकोचं नाव लिहिलं, खाली संमतीच्या ओळीवर तिची सही केली. नेहमीसारखी. चहा घेतला, म्हणजे तेवढा वेळ गेला असं वाटावं, आणि आत जाऊन सांगितलं, "झालं. बाहेरच होती ती." खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही. त्या वेळी वाटलं फक्त एवढंच, की काम झालं.

घरी येऊन बायकोला सांगितलं का? नाही. सांगायचं विसरलो असंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. शेवटी बघायचं तिलाच आहे, मग नाव तिचं असो की माझं.

महिन्याभरानं समितीचे दोन सदस्य घरी आले. एक संस्थेच्या बाई, पन्नाशीच्या, सुती साडी, हातात फाईल. दुसरे गृहस्थ कुबड्यांवर चालणारे, बोलघेवडे. घराच्या पायऱ्या चढताना मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या सर, पडलो तर तुमच्या नावानं ओरडीन." मी हसलो. हसण्याचं ते शेवटचं.

त्यांनी आम्हाला एकत्र बसवलं नाही. एकेकाला वेगळं विचारायचं असतं म्हणाले. मला आधी आत बोलावलं, मग आईला. माझ्या पायाला भिंगरी लागलेली होतीच. मी परसात सागाच्या झाडाखाली चकरा मारत होतो. मग ते बाईशी बोलायला परसातच आले. ती विहिरीजवळ तांदूळ निवडायला सूप घेऊन बसली होती. बायको तिच्या शेजारी. संस्थेच्या बाईंनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि बहिणीपुढे धरला.

बाईनं मान वळवली. "वद्दु," म्हणाली.

मी थांबलो. तेलुगू मला येत नाही असं नाही. वीस वर्षं संसार केला आहे. वद्दु म्हणजे नको. पण बहिणीच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. किंवा ती बोलत होती तेव्हा मी तिथे थांबलो नव्हतो.

"बोलते ना ही," कुबड्यावाले गृहस्थ म्हणाले.

"बोलते," बायको म्हणाली. "बिस्कुट नाई आवडत तिले. पाणी मांगते, बोलवायचं असन तर रा म्हणते. मले अक्का म्हणते. दुखते तिथं माहा हात नेऊन ठेवते. बटणं लावते, वरचं एक राह्यते फक्त."

संस्थेच्या बाई फाईल उघडून काहीतरी वाचत होत्या. त्यांच्यासमोर मानसतज्ज्ञांचा अहवाल असणार. त्यात माझे चार नकार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोला विचारलं, "आणि पालक म्हणून तुमचं नाव आहे. तुमची तयारी आहे?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"संमती दिली आहे तुम्ही. ही सही तुमचीच ना?"

तिनं कागद हातात घेतला. मनात अजूनही मी म्हणत होतो, हो म्हणेल, नेहमी म्हणते. ती म्हणाली, "हे माहं नाव आहे. सही माही नाई."

गृहस्थांनी फाईलमधला कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "करून दाखवता?"

तिनं सुपावरच कागद ठेवून हळूहळू सही केली. गोल, वळणदार तेलुगू अक्षरं. त्या अक्षरांत मी तिचं नाव कधी पाहिलं नव्हतं. अर्जावरची सही होती मराठीत, शिक्षकी वळणाची. शाळेत फळ्यावर जसा मी लिहितो, तशी.

कोणीच ओरडलं नाही, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. संस्थेच्या बाई म्हणाल्या की हा अर्ज असा पुढे जाणार नाही, आणि खोटी सही कोणी केली ते त्यांना अहवालात लिहावं लागेल. मी रागानं बोलायला सुरुवात केली. आई मरायला टेकली आहे, दोन तासांचा प्रवास आहे, आमच्याकडे असंच चालतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, असंच चालतं म्हणूनच आम्ही घरी येतो."

ते गेल्यावर मी बायकोवर तुटून पडलो. एक हो म्हणायला काय जात होतं? अर्ज फेटाळला आणि नवा होण्याआधी आईचं काही झालं तर बाईचं काय?

ती चुलीपाशी होती. वळून म्हणाली, "अकरा वर्सं झाली तिले अंघोळ घालून राह्यली मी. तिचे कपडे धुवून राह्यली. नाई म्हटलं का कधी? पण जनमभराचं लिहून द्यायचं होतं ना, त मले काऊन नाई विचारलं?"

"आता विचारतो."

"आता मले विचार करू द्या."

आणि तिनं खरंच विचार केला. बारा दिवस. ते बारा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. सकाळी उठलो की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं, शाळेतून आलो की पुन्हा. ती स्वयंपाक करायची, बाईचे केस विंचरायची, आईला गोळ्या द्यायची आणि त्या विषयावर अवाक्षर काढायची नाही. आईच्या पायांवर सूज आली होती. बोट दाबलं की खड्डा राहायचा. मी दोनदा विषय काढला. एकदा ती म्हणाली, "विचार करून राह्यली ना." दुसऱ्यांदा नुसतं बघितलं.

मला भीती वाटत होती. ती नाही म्हणेल ही भीती तर होतीच, पण दुसरी एक मी कोणापाशी बोललो नाही. ती नाही म्हणाली तर मला तिला चुकीचं ठरवता येणार नाही. दिवस मोजत फिरताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो आणि प्रत्येक भांडणात हरत होतो. अंघोळीचं पाणी किती गरम लागतं? मला माहीत नव्हतं. बाई कुठल्या कुशीवर झोपते? माहीत नव्हतं. गाडीचा हॉर्न वाजला की ती कान झाकते हे माहीत होतं, पण मग तिला शांत कसं करतात ते नाही.

या दिवसांत बायको संस्थेच्या बाईंशी फोनवर बोलत होती, हे मला नंतर कळलं. आपल्या भाषेत, म्हणजे आमच्या इकडच्या मराठीत, तिनं त्यांना एकेक प्रश्न विचारून घेतला होता. पालक झालं म्हणजे बाईच्या जागी सगळं आपणच ठरवायचं का? नाही, तिला जे ठरवता येतं ते तिलाच विचारायचं. हिशेब मला लिहिता येईल का? तेलुगूत लिहा, आम्ही मराठी करून देऊ. उद्या मला झेपलं नाही तर? समितीला कळवायचं, समिती दुसरी व्यवस्था बघेल. मी माहेरी चार दिवस गेले तर? जा की, तिला घेऊन जा.

तेराव्या दिवशी ती आईच्या खाटेजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "माय, मी तयार आहे."

आईनं तिचा हात धरला. मी दारात उभा होतो. मला रडू आलं आणि ते दोघींनाही दिसू नये म्हणून मी बाहेर गेलो.

नवा अर्ज झाला. या वेळी आम्ही चौघंही गडचिरोलीला गेलो, भाड्याच्या गाडीनं, आईला मागच्या सीटवर आडवं करून. लिपिकांसमोर बायकोनं स्वतःची सही केली, आईनं अंगठा दिला. अर्जात मुख्य पालक म्हणून बायको, सहपालक म्हणून मी. मानसतज्ज्ञांकडे बायको स्वतः बाईला घेऊन गेली आणि रोजच्या सवयींची माहिती त्यांनी पुन्हा नोंदवून घेतली. टक्केवारी तीच राहिली. पण अहवालात चार ओळी वाढल्या. गरजा तेलुगू-मराठी मिश्र शब्दांत व्यक्त करते, नकार स्पष्ट देते, असं त्यात लिहिलं होतं.

समितीसमोर बोलावलं ती खोली जिल्हाधिकारी कार्यालयात होती. लांब टेबल, मागे पंखा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, तरुण, चष्मा लावलेल्या बाई. त्यांच्या शेजारी आमच्या घरी आलेले दोघं सदस्य. मला वाटलं होतं, आधी मला झापतील. पहिल्या अर्जाचा अहवाल त्यांच्यापुढे होता, वरचं पान मला उलटं दिसत होतं. पण जिल्हाधिकाऱ्यांनी आधी बाईकडे बघितलं. संस्थेच्या बाई बहिणीजवळ खाली वाकून बोलल्या. कोणाजवळ राहायचं विचारलं. बाईनं बायकोच्या पदराचं टोक धरलेलं होतंच. ती म्हणाली, "अक्का." मग पंख्याकडे बघत बसली.

जिल्हाधिकाऱ्यांनी बायकोला विचारलं, "तुम्हाला समजलंय ना, यात काय काय करावं लागतं?"

"हो. यादी द्यायची, हिशेब द्यायचा, तिले विचारायचं."

"आणि सहपालक म्हणून यांचं नाव आहे. कायद्यानं ते असलंच पाहिजे असं नाही. तुम्ही एकट्याही पालक होऊ शकता. पहिल्या अर्जात जे झालं त्यामुळे आम्ही हे तुम्हालाच विचारतोय. यांचं नाव राहू द्यायचं का?"

मला वाटलं होतं, या खोलीत बायकोनं होकार दिला की सगळं संपलं. माझ्या नावाचा प्रश्नही निघू शकतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. मग म्हणाली, "आता नको, मॅडम. माह्या एकटीचंच लिहा. ते वाईट नाईत. पण सगळं स्वतःच करून टाकतात. मंग तिचं म्हणणं कोण ऐकन?"

कुबड्यावाले गृहस्थ टेबलावर नजर लावून बसले होते. जिल्हाधिकारी आईकडे वळल्या. "आजी, अर्ज तुमचा आहे. पालक म्हणून फक्त सुनेचं नाव ठेवलं तर तुमची हरकत आहे?"

आई खुर्चीत नीट बसूही शकत नव्हती. तिनं दम घेतला. "हरकत कायची? मले पहिल्यापासून तेच पाह्यजे होतं. पोराले राग येते म्हणून म्या बोलली नाई."

जिल्हाधिकारी काहीतरी लिहीत होत्या. मला एवढंच आठवतं की मानसतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा आई खाली बघत होती. आणि अर्जावर अंगठा देतानाही ती खालीच बघत होती. मी ते दोन्ही वेळा आजारपण समजलो होतो.

"तुम्ही भाऊ," जिल्हाधिकारी म्हणाल्या. "नातेवाईक म्हणून तुम्हालाही विचारते. तुमचं काही म्हणणं?"

म्हणणं होतं. पंचवीस वर्षांची नोकरी, वडिलांच्या मागे घर सांभाळलं ते, दवाखान्यातल्या त्या सगळ्या फेऱ्या. ते सगळं सांगायला मी तोंड उघडलं. मग मी बहिणीकडे बघितलं. तिच्या ब्लाऊजचं वरचं बटण उघडं होतं, आणि बायकोचा हात बोलता बोलता तिकडे जाऊन ते लावत होता.

"नाही," मी म्हणालो. "मला विचारलंत तर, मीही हिलाच नेमलं असतं."

आदेशाचा कागद पंधरा दिवसांनी आला. आईनं तो स्वतःच्या उशीखाली ठेवला आणि दोन महिन्यांनी ती गेली, झोपेतच. कागद काढून मी बायकोच्या हातात दिला. तिनं तो कुठे ठेवला ते मला माहीत नाही. लागला की मी तिला मागतो.